फोन सारखा बंद-चालू होतोय, चार्ज होत नाही? दुकानात जाण्याआधी या क्रमाने तपासा

माझ्या टेबलावर येणाऱ्या फोनांपैकी बरेच फोन येण्याआधीच बिघडवलेले असतात. कंपनीचा लोगो दिसतो, विझतो, पुन्हा दिसतो. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘सॉफ्टवेअर गेलंय, रीसेट मार.’ रीसेट होतो, फोटो जातात आणि फोन तरीही तसाच लोगोवर अडकलेला राहतो. कारण बिघाड सॉफ्टवेअरमध्ये नव्हताच. फोनला पुरेसा करंट मिळत नव्हता.

हे नीट समजून घ्या, म्हणजे पुढचा क्रम लक्षात राहील. फोन चालू होताना बॅटरीतून एकदम जास्त करंट ओढतो. बॅटरी जवळजवळ रिकामी असेल आणि चार्जिंगच्या पिनमधून थेंबथेंबच येत असेल, तर फोन लोगोपर्यंत पोचतो आणि दम संपून बंद पडतो. केबल लावलेलीच असल्यामुळे थोडं चार्ज होतं, फोन परत उठतो, परत पडतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, फोन रीस्टार्ट होतोय. खरं दुखणं चार्जिंगचं असतं. म्हणून आधी करंट, मग बटण, आणि सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी.

## टप्पा १ : आधी ठरवा, हात लावायचा की नाही

फोन सपाट टेबलावर पालथा ठेवा आणि डोळे टेबलाच्या पातळीला आणून कडेने बघा. मागचं झाकण फुगलंय का? स्क्रीन एका बाजूने उचलली गेली आहे का? टेबलावर फोन डुगडुगतो का? गोडसर, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतो का? यातलं एकही दिसलं तर बॅटरी फुगली आहे असं समजा.

सावधान : फुगलेली बॅटरी चार्जिंगला लावायची नाही, दाबून बसवायची नाही, टाचणीने हवा काढायचा प्रयत्न तर चुकूनही करायचा नाही. फोन बंद करा, अंथरूण, कागद, पडदे यांपासून लांब, लादीवर किंवा स्टीलच्या ताटात ठेवा आणि बॅटरी बदलून घ्या. हा लेख तुमच्यासाठी इथेच संपला.

फोन समुद्राच्या पाण्यात किंवा तुंबलेल्या रस्त्यावरच्या पाण्यात पडला असेल, तरी पुढचे टप्पे करू नका. त्या पाण्यात मीठ आणि घाण असते. करंट चालू असताना फोनच्या आतल्या बोर्डवर ती फार लवकर गंज धरते. फोन चालू होतोय का ते बघायचासुद्धा मोह आवरा. बंद ठेवा आणि त्याच दिवशी उघडून साफ करून घ्या.

## टप्पा २ : तयारी

लागणाऱ्या वस्तू घरातल्याच आहेत : टॉर्च (दुसऱ्या फोनची चालेल), लाकडी किंवा प्लॅस्टिकची टूथपिक, चांगला चालणारा दुसरा चार्जर आणि दुसरी केबल, सिमचा ट्रे काढायची पिन, आणि एक कागद-पेन. घड्याळ समोर ठेवा.

कागद कशासाठी, असं लोक विचारतात. फोन किती वेळाने बंद पडतो ते मोजायचंय म्हणून. लोगो दिसल्यापासून बंद पडेपर्यंतचे सेकंद तीन वेळा मोजून लिहा. दर वेळी साधारण तोच आकडा आला, म्हणजे समजा २०, २१, २०, तर फोन चालू होण्याच्या एका ठराविक पायरीवर अडतोय, आणि संशय सॉफ्टवेअरवर जास्त. आकडे ८, ३५, १४ असे विखुरलेले आले तर बॅटरी, बटण किंवा चार्जिंगकडे बघायचं. हा काही पक्का निकाल नव्हे, पण दिशा कळते. आणि दुकानात जायची वेळ आलीच, तर हा कागद दाखवल्यावर समोरच्यालाही उगाच काही सांगता येत नाही.

फोन अधूनमधून दोन-चार मिनिटं नीट चालत असेल, तर ती मिनिटं दुरुस्तीत घालवू नका. आधी महत्त्वाचे फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे पाठवा, व्हॉट्सॲपचा बॅकअप घ्या. लोकलचा पास मोबाइलवर असेल तर त्याचा नंबर आणि मुदत लिहून ठेवा. एवढं झाल्यावरच पुढे चला.

## टप्पा ३ : अंगावरचं सगळं उतरवा

कव्हर काढा. मागे चिकटवलेली अंगठी किंवा मॅग्नेट असेल तर तेही. ट्रे बाहेर ओढून सिम आणि मेमरी कार्ड काढा. ट्रेवर सिम कुठल्या खाचेत होतं ते लक्षात ठेवा.

कव्हरला मी पहिला मान देतो, त्याला कारण आहे. स्टेशनबाहेरच्या स्टॉलवर ‘याच मॉडेलचं आहे’ म्हणून मिळणारी जाड रबरी कव्हरं पुष्कळदा दुसऱ्या मॉडेलची असतात. पॉवर बटणाच्या जागी त्यांना जो उंचवटा असतो, तो एखादा मिलिमीटर इकडेतिकडे झाला की बटण सतत दाबलेलं राहतं. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत पॉवर बटण बराच वेळ दाबलं गेलं की फोन स्वतःच रीस्टार्ट होतो, तशी सोय त्यात मुद्दाम ठेवलेली असते. म्हणजे फोन आपलं काम बरोबर करतोय, आणि आपण त्याला आजारी समजतोय.

आता पॉवर बटण बोटाने हलकेच दाबून सोडा. ‘टक्’ असा स्पष्ट स्पर्श लागला पाहिजे आणि बटण परत वर आलं पाहिजे. आवाज वाढवायच्या बटणाशी तुलना करा. पॉवरचं बटण मऊ लागत असेल, आत बसलेलं असेल, तर त्याच्या कडेने घाम आणि धूळ जमली आहे. कोरड्या, मऊ टूथब्रशने कडेकडेने पुसा आणि वीस-पंचवीस वेळा दाबून-सोडून बघा. तेल, थिनर, परफ्यूम काहीही सोडायचं नाही.

तपासणी : कव्हर, सिम, कार्ड नसताना फोन पूर्ण चालू झाला आणि दहा मिनिटं टिकला? मग एकेक वस्तू परत लावा आणि प्रत्येकीनंतर दहा मिनिटं थांबा. ज्या वस्तूनंतर त्रास परत सुरू होईल, ती दोषी. सगळ्या एकदम परत लावल्या तर काहीच कळणार नाही.

## टप्पा ४ : ओल

जून ते सप्टेंबर मुंबईत हाच टप्पा सगळ्यात जास्त वेळा कामाला येतो. फोन पाण्यात पडलाच पाहिजे असं नाही. ओल्या रेनकोटचा खिसा, छत्रीचं पाणी गळलेली बॅग, दारात उभं राहून केलेला लोकलचा प्रवास, घामाने भिजलेला शर्टाचा खिसा, एवढं पुरतं. हल्लीच्या बऱ्याच फोनांना पिनमधली ओल कळते आणि ते चार्जिंग स्वतःहून थांबवतात. सॅमसंगवर पाण्याच्या थेंबाचं चिन्ह येतं, आयफोनवर “Liquid Detected” असा इशारा येतो. फोन बंद असेल तर काहीच दिसत नाही, फक्त चार्ज होत नाही.

टॉर्च मारून पिनमध्ये बघा. ओल चमकते. केबल काढा, चार्जरचं बटण बंद करा, पिनचं तोंड खाली धरून फोन तळहातावर दोन-चार वेळा हलके आपटा. मग तोंड खालीच राहील असा, भिंतीला टेकवून, पंख्याची हवा लागेल तिथे ठेवा. किमान अर्धा तास केबल लावायची नाही. इशारा परत आला तर अजून थांबा. पूर्ण वाळायला चोवीस तासही लागू शकतात, आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत ते लागतातही.

सावधान : तांदळाच्या डब्यात फोन घालू नका. तांदळाची पूड पिनमध्ये जाऊन बसते आणि ओलीबरोबर तिची खळ होते. केस वाळवायचा ड्रायरही नको, त्याची गरम हवा पाणी आणखी आत ढकलते आणि आतली चिकटपट्टी सैल करते. कापसाचा बोळा किंवा टिश्यू पिनमध्ये घातला तर त्याचा तंतू आत तुटून राहतो.

इशाऱ्याबरोबर ‘तरीही चार्ज करा’ असा पर्याय आला तर तो निवडू नका. ओल्या पिनमध्ये करंट सोडला की संपर्कपट्ट्या हिरव्या-काळ्या पडतात, आणि मग पिन बदलण्याशिवाय मार्ग उरत नाही. फोन वायरलेस चार्जिंगचा असेल तर पाठ कोरडी पुसून त्यावर ठेवता येतो. घाई असलेल्यांसाठी हा सुरक्षित रस्ता आहे.

## टप्पा ५ : पिन साफ करणे

आता त्या टप्प्याकडे येऊ जिथे सर्वाधिक फोन बरे होतात, आणि चुकीच्या हाताने सर्वाधिक पिनाही इथेच तुटतात.

खिशातलं सूत, धूळ, बिस्किटाचा चुरा रोज थोडा थोडा पिनमध्ये जातो. रोज केबल लावताना आपण तो आत ठासतो. काही महिन्यांनी तळाशी त्याची घट्ट गादी तयार होते. केबल लावल्यासारखी वाटते, पण पूर्ण आत जात नाही. संपर्क अर्धवट होतो आणि करंट थेंबथेंब येतो.

आधी ओळखायचं कसं ते सांगतो. केबल शेवटपर्यंत लावा आणि बाजूने बघा. केबलचं प्लॅस्टिक आणि फोनची कड यांच्यामध्ये धातूची रेघ दिसते का? चांगल्या फोनमध्ये ती जेमतेम दिसते. तांदळाच्या दाण्याच्या जाडीइतका धातू बाहेर दिसत असेल, केबल लावताना ‘टक्’ होत नसेल, किंवा फोन उचलल्यावर केबल गळून पडत असेल, तर आत गादी आहे.

साफ करायची पद्धत अशी :

1. फोन पूर्ण बंद करा. बंदच होत नसेल, सारखा उठत असेल, तर केबल काढून बॅटरी संपेपर्यंत थांबा.
2. टूथपिकचं टोक ब्लेडने थोडं चपटं करा. गोल जाड टोक आत जात नाही.
3. टॉर्च बाजूला ठेवून पिनमध्ये बघा. सी-टाइप पिनच्या मधोमध एक पातळ पट्टी असते, जिभेसारखी. तिच्या दोन्ही अंगांना संपर्कपट्ट्या असतात. त्या जिभेला टूथपिक लावायची नाही, तिच्यावर जोर द्यायचा नाही. ती मोडली की पिन गेली.
4. टूथपिक जीभ आणि बाहेरची भिंत यांच्या मधल्या फटीतून, भिंतीला घासत, तळापर्यंत न्या. तळाशी मऊ लागलं तर तो कचरा आहे. टणक लागलं तर तो तळ आहे, थांबा.
5. आता टोक भिंतीकडेच ठेवून बाहेर ओढा. उकरायचं, ढकलायचं नाही. वरच्या आणि खालच्या फटीत, दोन्ही कोपऱ्यांत, चार-पाच वेळा करा.
6. फोनचं तोंड खाली करून हलके आपटा आणि टॉर्चने परत बघा.

आयफोनच्या जुन्या लाइटनिंग पिनमध्ये मधली जीभ नसते, त्यामुळे काम सोपं असतं, पण संपर्कपट्ट्या भिंतीवर असतात. तिथे भिंत न घासता फक्त तळाचा कचरा ओढून काढा.

सावधान : टाचणी, सुई, सेफ्टी पिन, सिमची पिन यातलं काहीही नको. धातू दोन पट्ट्यांना एकदम टेकला तर शॉर्ट होतो. फुंकरही मारू नका, तोंडातली वाफ आत जाते. वैद्यकीय दुकानातलं स्पिरिट सोडायचं असं कुणी सांगितलं, तर तेही नको. त्यात पाणी मिसळलेलं असतं.

तपासणी : केबल परत लावून कडेने बघा. धातूची रेघ आधीपेक्षा कमी झाली? ‘टक्’ झालं? मग पुढे चला. फरक नसेल तर पुन्हा एकदा, पण तिसऱ्यांदा नाही.

## टप्पा ६ : चार्जर आणि केबल, एका वेळी एकच बदल

लोक इथे एक गंमतीशीर वाटणारी पण महागात पडणारी चूक करतात. केबल, चार्जर, एक्स्टेंशन बोर्ड सगळं एकदम बदलतात. फोन चार्ज झाला की मूळ दोष कुणाचा होता ते कळतच नाही, आणि संध्याकाळी तीच तुटकी केबल परत लावली जाते.

आधी भिंतीवरच्या त्याच पॉइंटवर दुसरं काही लावून वीज येते याची खात्री करा. एक्स्टेंशन बोर्ड बाजूला ठेवा. मग तुमचाच चार्जर, फक्त केबल दुसरी. नाही झालं, तर तीच दुसरी केबल आणि चार्जरही दुसरा. शेवटी तुमची केबल आणि चार्जर घरातल्या दुसऱ्या फोनला लावून बघा. तिथे व्यवस्थित चालले तर दोष तुमच्या फोनच्या बाजूला आहे.

सी-टाइप केबल असेल तर आणखी एक तपास फुकट होतो. केबल लावा, पाच मिनिटं बघा. काढून उलटी करून लावा, परत बघा. एका बाजूने चार्ज होतो आणि दुसऱ्या बाजूने नाही, असं झालं तर काही पट्ट्यांचा संपर्क तुटलेला आहे. दुसऱ्या केबलनेही तसंच झालं तर पिन खराब आहे. तोवर चालणाऱ्या बाजूने चार्ज करून डेटा काढून घ्या.

लॅपटॉपच्या यूएसबीवर तपासू नका. जुन्या यूएसबी पॉइंटमधून साधारण अर्धा अँपिअर मिळतो, म्हणजे अडीच वॅट. भिंतीवरचा साधा चार्जरही १० वॅट देतो. मेलेला फोन लॅपटॉपवर लावला, की नेमकं तेच उठ-बस चक्र सुरू होतं ज्याबद्दल मी वर लिहिलं.

दोन गोष्टी बिघाड नसतात हे इथेच सांगून टाकतो. चार्जिंग बरोबर ८० टक्क्यांवर थांबत असेल, तर बॅटरी जपण्याची सेटिंग चालू आहे. आणि मे महिन्यात खिडकीच्या उन्हात किंवा गादीवर ठेवलेला फोन तापून चार्जिंग थांबवतो. सावलीत, पंख्याखाली ठेवा, थंड झाला की आपोआप सुरू होतं. लवकर थंड व्हावा म्हणून फ्रीजमध्ये मात्र ठेवू नका, बाहेर काढल्यावर आत दव धरतं.

## टप्पा ७ : तासभर हात लावायचा नाही

पूर्ण रिकाम्या झालेल्या बॅटरीला फोन सुरुवातीला मुद्दाम अगदी कमी करंट देतो. तशी बॅटरी एकदम भरणं धोक्याचं असतं. या काळात स्क्रीन काळीच राहते. नेमक्या याच वेळी माणसं दर दोन मिनिटांनी पॉवर बटण दाबतात. प्रत्येक दाबणीला फोन उठायचा प्रयत्न करतो आणि जमलेलं थोडंसं चार्जिंग खाऊन टाकतो.

म्हणून : भिंतीवरचा चांगला चार्जर, साफ केलेली पिन, कव्हर काढलेलं, आणि एक तास. अर्ध्या तासाने फक्त डोळ्यांनी बघा, बटण दाबू नका. फोन स्वतःहून उठत-पडत असेल तरी केबल काढू नका. तासाभरानंतर फोनची पाठ हाताला किंचित कोमट लागली, तर करंट आत जातोय. गार असेल आणि चिन्हही नसेल, तर जात नाहीये. चटका बसेल इतकी गरम असेल तर लगेच बंद करा.

गेल्या जुलैतली गोष्ट. विक्रोळीहून एक काकू आल्या होत्या. फोन पाच वर्षांचा, सी-टाइप पिनचा. दोन दिवस लोगो येत-जात होता. मुलगा त्याच रात्री रीसेट करणार होता, काकूंनी थांबवलं होतं, कारण नातवाच्या बारशाचे फोटो त्या फोनशिवाय कुठेच नव्हते. मी वेळ मोजली : ११ सेकंद, १९ सेकंद, ९ सेकंद. आकडे विखुरलेले. केबल लावली तर तांदळाच्या दाण्याएवढा धातू बाहेर. टूथपिकने पहिल्याच ओढीला राखाडी रंगाची, वाटाण्याच्या सालीएवढी गादी निघाली, रेनकोटच्या खिशातल्या दमट सुताची. तिच्याखाली ओल होतीच, म्हणून फोन तोंड खाली करून पाऊण तास पंख्यासमोर ठेवला. मग चार्जिंगला लावला आणि काकूंना चहा प्यायला पाठवलं. वीस मिनिटं काहीच दिसलं नाही. मग बॅटरीचं चिन्ह आलं, आणि या वेळी ते टिकलं. साधारण तासाभराने फोन चालू केला. एकदाच लोगो आला आणि फोन उघडला. काहीही बदललं नाही, काहीही पुसलं नाही. आधी फोटो मुलाच्या फोनवर पाठवले, मगच फोन त्यांच्या हातात दिला.

## टप्पा ८ : जोर देऊन रीस्टार्ट

चार्जिंगची खात्री झाली, तरीही फोन लोगोवर अडकतोय? आता बटणांकडे या. यात डेटा जात नाही.

आयफोन ८ आणि त्यानंतरचे : आवाज वाढवायचं बटण दाबून सोडा, आवाज कमी करायचं बटण दाबून सोडा, मग बाजूचं बटण दाबून धरा. ॲपलचा लोगो दिसेपर्यंत सोडायचं नाही. पहिली दोन बटणं पटापट दाबायची असतात. रेंगाळलात तर जमत नाही.

सॅमसंग : आवाज कमी करायचं आणि पॉवरचं बटण एकदम, सात सेकंदांपेक्षा जास्त. इतर बहुतेक अँड्रॉइडवर नुसतं पॉवर बटण ३० सेकंदांपर्यंत धरून ठेवल्याने काम होतं.

## टप्पा ९ : सेफ मोड

सेफ मोडमध्ये फोन तुम्ही टाकलेली ॲप बंद ठेवून चालू होतो. सॅमसंग आणि पिक्सेलमध्ये फोन चालू होताना लोगो दिसला की आवाज कमी करायचं बटण धरून ठेवा. कोपऱ्यात “Safe mode” असं दिसलं पाहिजे. या अवस्थेत फोन टिकला, तर अलीकडे टाकलेलं किंवा अपडेट झालेलं ॲप काढून टाका. आणि स्टोरेज किती भरलंय तेही बघा. अगदी काठोकाठ भरलेला फोनसुद्धा लोगोवर अडकतो. दोन-चार जीबी मोकळे करा. व्हॉट्सॲपवरचे फॉरवर्ड व्हिडिओ काढले तरी तेवढी जागा होते.

## टप्पा १० : रिकव्हरी, आणि तिथला निसरडा दगड

बहुतेक अँड्रॉइडमध्ये फोन बंद करून पॉवर आणि आवाज वाढवायचं बटण एकत्र धरलं की रिकव्हरीचा मेनू येतो. नव्या सॅमसंगमध्ये त्यासाठी फोन केबलने कॉम्प्युटरला जोडलेला असावा लागतो. मेनूत आवाजाच्या बटणांनी वर-खाली जायचं आणि पॉवरने निवडायचं.

इथे आल्यावर लगेच काही निवडू नका. आधी दहा मिनिटं फोन तसाच ठेवा. रिकव्हरीत मुख्य सॉफ्टवेअर चालतच नसतं. तिथेही फोन आपोआप बंद पडत असेल, तर बॅटरी, बटण किंवा बोर्डचा दोष आहे, आणि रीसेट मारून काहीही मिळणार नाही. फोन शांत उभा राहिला, तरच सॉफ्टवेअरचा संशय पक्का.

मग “Wipe cache partition” असेल तर ते करा. यात फोटो, चॅट, काहीही जात नाही. त्यानंतर “Reboot system now”. काही फोनांत, उदाहरणार्थ पिक्सेलमध्ये, “Wipe cache partition” हा पर्याय नसतो. नसेल तर शोधत बसू नका.

सावधान : सॅमसंगच्या मेनूत याच्या अगदी शेजारी “Wipe data/factory reset” असतं. एक ओळ चुकली की सगळं पुसलं जातं. हल्लीच्या फोनांत डेटा कुलूपबंद स्वरूपात ठेवलेला असतो. रीसेटमध्ये किल्लीच नष्ट होते, त्यामुळे पुसलेले फोटो कुठल्याही दुकानात परत मिळत नाहीत. कुणी ‘काढून देतो’ म्हणालं तरी पैसे देऊ नका.

आयफोनचा मार्ग वेगळा आहे. केबलने कॉम्प्युटरला जोडा, टप्पा ८ मधलीच बटणं दाबा, पण लोगो आल्यावर बाजूचं बटण सोडू नका. कॉम्प्युटर आणि केबलचं चित्र येईपर्यंत धरा. कॉम्प्युटरवर दोन पर्याय येतात, “Update” आणि “Restore”. “Update” निवडा, ते डेटा न पुसता सॉफ्टवेअर पुन्हा बसवतं. “Restore” सगळं पुसतं. डाउनलोडला पंधरा मिनिटांपेक्षा जास्त लागले तर फोन त्या अवस्थेतून बाहेर येतो. डाउनलोड पूर्ण होऊ द्या आणि बटणांची कृती पुन्हा करा.

आयफोन चालू होऊन दर वेळी साधारण तीन मिनिटांनी रीस्टार्ट होत असेल, तर इथे वेळ घालवू नका. आतल्या एखाद्या सेन्सरकडून उत्तर आलं नाही की तो असं करतो. चार्जिंग पिनला किंवा पॉवर बटणाला बोर्डशी जोडणारी आतली पातळ पट्टी हे त्याचं नेहमीचं कारण. नुकतीच पिन बदलून घेतली असेल तर तिथेच परत जा.

## रीसेट करायचाच असेल तर

बॅकअप आहे आणि रिकव्हरीत फोन स्थिर आहे, तरच. त्याआधी फोनवरच्या गूगल अकाउंटचा ईमेल आणि पासवर्ड दुसऱ्या फोनवर टाकून खरंच उघडतो का ते बघा. रिकव्हरीतून रीसेट केल्यावर फोन तोच जुना पासवर्ड मागतो आणि दिल्याशिवाय उघडत नाही. ओटीपी त्याच नंबरवर येणार असेल, तर सिम आधी दुसऱ्या चालू फोनमध्ये घाला. घरातल्या वडीलधाऱ्यांचे फोन इथेच अडकतात. अकाउंट कुणीतरी भाच्याने सहा वर्षांपूर्वी काढून दिलेलं असतं आणि पासवर्ड कुणालाच आठवत नाही.

## तरीही नाही झालं

वॉरंटी शिल्लक असेल तर बिल घेऊन अधिकृत सेंटरलाच जा. बाहेर उघडलेला फोन ते वॉरंटीत घ्यायला नकार देऊ शकतात. वॉरंटी संपली असेल तर कागदावरच्या नोंदी सोबत न्या आणि तिथे एवढंच सांगा : पिन साफ केली आहे, दोन केबल आणि दोन चार्जर लावून बघितले, तासभर चार्जिंगला ठेवला, रिकव्हरीत टिकतो किंवा टिकत नाही. केबल हलवल्यावर चार्जिंग येत-जात असेल तर काम पिनचं आहे. केबलला लावल्यावर नीट चालतो आणि काढली की कॅमेरा उघडताच बंद पडतो, तर बॅटरीचं. यातलं काहीच नसेल, तर मगच बोर्डची गोष्ट निघते, आणि ती उघडून तपासल्याशिवाय कुणालाही सांगता येत नाही. न उघडताच ‘बोर्ड गेला’ म्हणणाऱ्याकडून फोन परत घ्या.

देण्याआधी सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. आयएमईआय नंबर पावतीवर लिहून घ्या. खर्चाचा आकडा आधी ठरवा आणि डेटा पुसायचा नाही हे पावतीवर लिहायला सांगा. काढलेली जुनी पिन परत मागा. जुनी बॅटरी मात्र घरी आणू नका, ती तिथेच ई-कचऱ्यात जाऊ द्या.